मुलाला घेऊन परदेशी जायचंय, शाळेत लांब रजा हवी आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाच्या डायरीत दोन ओळी खरडल्या तरी चालतं. पाच आठवड्यांच्या परदेशवारीचं तसं नसतं. तो अर्ज वर्गशिक्षकांकडून मुख्याध्यापकांकडे जातो, तिथून कार्यालयात येतो, फाइलला लागतो आणि वर्षाच्या शेवटी हजेरी मोजताना पुन्हा बाहेर निघतो. शाळेच्या कार्यालयात बसून असे अर्ज मी बरीच वर्षं हाताळले. पालक तेच ते प्रश्न विचारत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. मुलगी सहावीत आहे. आईवडिलांबरोबर ती परदेशात राहणाऱ्या मावशीकडे चालली आहे. निघायचं शनिवारी, 14 नोव्हेंबर 2026 ला, आणि परत यायचं शनिवारी, 19 डिसेंबरला. शाळा सोमवार ते शुक्रवार भरते.

आधी तिकीट काढायचं की आधी अर्ज द्यायचा?

आधी बोलायचं, मग तिकीट, मग लेखी अर्ज. हा क्रम उलटला की अर्जाचा सूरच बदलतो. काढलेली तिकिटं जोडून आलेला अर्ज वाचणाऱ्याला विनंती वाटत नाही, सूचना वाटते. "तुम्ही ठरवलंच आहे, तर मला कशाला विचारता?" हे वाक्य मी मुख्याध्यापकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की ते त्यांच्या खोलीबाहेर पाटी करून लावावं असं वाटायचं.

म्हणून तिकिटं बघायला लागलात की वर्गशिक्षकांना भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: या काळात कोणती परीक्षा आहे, आणि मुलीची आजवरची गैरहजेरी किती दिवसांची आहे. पुष्कळदा एवढ्यावरच प्रवास आठवडाभर मागेपुढे करता येतो आणि अर्ध्या अडचणी तिथेच संपतात. लेखी अर्ज निघण्याच्या साधारण आठ आठवडे आधी द्या. व्हिसासाठी शाळेचं पत्र लागणार असेल तर त्याहूनही आधी.

रजा नेमकी किती दिवसांची, हे कसं मोजायचं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आमच्या उदाहरणातल्या आईने पहिल्या कच्च्या मसुद्यात "37 दिवसांची रजा" असं लिहिलं होतं. 14 नोव्हेंबरपासून परतल्यानंतरच्या रविवारपर्यंत, म्हणजे 20 डिसेंबरपर्यंत, कॅलेंडरवर मोजले तर 37 भरतात, हिशोब चुकलेला नाही. पण शाळेच्या दृष्टीने तो आकडा निरुपयोगी आहे. शाळा भरते त्याच दिवशी मूल गैरहजर लागतं.

आता शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून मोजू. बुडणारा पहिला दिवस सोमवार, 16 नोव्हेंबर. शेवटचा शुक्रवार, 18 डिसेंबर. मध्ये पाच पूर्ण आठवडे, म्हणजे 25 दिवस. त्यात एक दिवस शाळेचीच सुट्टी, म्हणून 24. सदतिसाचे चोवीस झाले, आणि अर्ज वाचणाऱ्याच्या कपाळावरची आठीही तेवढीच कमी झाली. शनिवारीही शाळा भरत असेल तर ते शनिवार धरा, निघण्याचा शनिवारसुद्धा.

विमानाच्या तारखा आणि रजेच्या तारखा वेगळ्या लिहायच्या. रजा 16 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर, आणि वर्गात हजर होण्याची तारीख सोमवार, 21 डिसेंबर. "19 तारखेला परत येत आहोत" एवढंच लिहिलं तर हजेरी कधीपासून लावायची हे वर्गशिक्षकांना कळत नाही. विमान रविवारी रात्री उतरणार असेल तर सोमवारी मूल शाळेत येईल अशी खात्री देऊ नका. लांबच्या प्रवासानंतर झोपेचं घड्याळ दोनतीन दिवस तरी उलटंच चालतं. एक दिवस जास्त मागणं परवडतं, परतल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा दांडी मारणं बरं दिसत नाही.

हजेरीची टक्केवारी कमी पडेल का?

ते वर्षभराच्या हिशोबावर ठरतं. आपल्या शाळेची किंवा बोर्डाची किमान अट किती ते आधी विचारून घ्या. 75 टक्क्यांची अट पुष्कळ ठिकाणी असते, काही शाळा त्याहून जास्त हजेरी मागतात.

समजा वर्षात शाळा 200 दिवस भरणार आहे. मुलगी आजवर 6 दिवस गैरहजर होती. त्यात हे 24 मिळवले की 30. वर्षअखेर ती 170 दिवस हजर, म्हणजे 85 टक्के. अट 75 ची असेल तर 50 दिवस बुडलेले चालतात, त्यामुळे परतल्यावर आजारपणासाठी 20 दिवस हाताशी राहतात. शाळेची अट 85 ची असेल तर मात्र तीच मुलगी बरोबर काठावर येते आणि जानेवारीतला एक तापही महागात पडतो.

मधेच टक्केवारी बघितली तर ती फार घाबरवते, हेही लक्षात ठेवा. 18 डिसेंबरपर्यंत शाळा 125 दिवस भरली असेल तर त्या दिवशी मुलीची हजेरी 125 पैकी 95, म्हणजे 76 टक्के दिसते. त्या महिन्यात शाळेकडून "हजेरी कमी आहे" असा संदेश आला तर गोंधळू नका. पुढचे 75 दिवस नियमित गेली की आकडा पुन्हा 85 वर येतो. हा हिशोब अर्जात एका वाक्यात मांडला की मुख्याध्यापकांना तो स्वतः करत बसावा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात मंजुरी मिळायला या एका वाक्याची सगळ्यात जास्त मदत होते.

अर्ज नेमका कसा लिहायचा?

एक पान पुरतं. आमच्या उदाहरणातला अर्ज शेवटी असा झाला:

दिनांक: 21 सप्टेंबर 2026

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव)

विषय: इयत्ता सहावी, तुकडी ब मधील विद्यार्थिनीस दि. 16 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर 2026 या कालावधीत रजा मिळण्याबाबत.

माननीय महोदया,

माझी मुलगी (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इयत्ता सहावी, तुकडी ब मध्ये शिकत असून तिचा हजेरी क्रमांक 27 आहे. माझी बहीण परदेशात (देशाचे नाव) राहते. तिच्याकडे आम्ही सर्व कुटुंबीय जाणार आहोत. बहिणीला याच महिन्यांत सुट्टी मिळत असल्याने प्रवास शाळेच्या सुट्टीत ठेवणे शक्य झाले नाही.

या प्रवासामुळे तिचे शाळेचे 24 दिवस बुडतील. ती सोमवार, दि. 21 डिसेंबर 2026 रोजी वर्गात हजर होईल. आजवरची 6 दिवसांची गैरहजेरी धरून वर्षअखेर तिची हजेरी सुमारे 85 टक्के राहील.

या काळात दि. 7 ते 9 डिसेंबर रोजी घटक चाचणी आहे. ही चाचणी तिला परतल्यावर देता येईल का, किंवा इतर चाचण्यांच्या गुणांची सरासरी धरता येईल का, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे. बुडालेला अभ्यास व वह्या ती हजर झाल्यापासून दहा दिवसांत पूर्ण करील.

वरील कालावधीची रजा मंजूर करावी व मंजुरीचे लेखी पत्र मिळावे, ही विनंती. व्हिसाच्या अर्जासोबत ते पत्र जोडायचे आहे.

आपली विश्वासू,
(आईचे नाव व सही)
(वडिलांचे नाव व सही)
(संपर्क क्रमांक)

यात काय नाही तेही पाहा. प्रवासाने मुलांचं अनुभवविश्व कसं समृद्ध होतं यावर परिच्छेद नाही, कारण तो मुख्याध्यापक वाचत नाहीत. "तिकिटं परत करता येत नाहीत" हे वाक्य नाही, कारण ते धमकीसारखं वाचलं जातं. तारखा मात्र विषयातच आहेत, कारण फाइल चाळणारा माणूस बहुतेक वेळा फक्त विषयच वाचतो.

चाचणी मध्ये येत असेल तर गप्प बसावं का? शाळेच्या लक्षात आलं नाही तर बरंच.

लक्षात येतं, तेही चाचणीच्या दिवशी. तुम्ही तेव्हा परदेशात असता आणि प्रगतिपुस्तकात "गैरहजर" असं छापून येतं. छापलेलं बदलून घेणं आधी विचारण्यापेक्षा दहापट कटकटीचं असतं.

वर्गातल्या लहान चाचणीचं शाळा आपल्या पातळीवर काहीतरी करू शकते: परतल्यावर घेते, निघण्याआधी घेते किंवा सरासरी धरते. पण "काहीतरी करा" असं न लिहिता नेमके पर्याय मांडावेत, वरच्या अर्जात दोन मांडलेत तसे. निघण्याआधी चाचणी घेण्याला शिक्षक सहसा तयार होत नाहीत, कारण मग त्यांना वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागते. वार्षिक परीक्षा किंवा प्रात्यक्षिक मध्ये येत असेल तर विनंती करत बसू नका, प्रवासच हलवा. बोर्डाच्या वर्षात आणखी एक फास असतो. परीक्षेचा अर्ज भरणं, नावाची आणि जन्मतारखेची पडताळणी, फोटो, सही ही कामं ठरलेल्या मुदतीत होतात आणि काहींसाठी मूल स्वतः हजर असावं लागतं. त्या तारखा विचारल्याशिवाय तिकिटाकडे बघूसुद्धा नका.

सरळ आजारपण लिहिलं तर? रजा पटकन मिळते म्हणतात.

मिळते. पुढचं ऐका. तीन-चार दिवसांहून जास्त आजारपण म्हटलं की शाळा डॉक्टरांचा दाखला मागते, म्हणजे खोट्याला आणखी एक खोटा कागद लागतो. 24 दिवस आजारी असलेल्या मुलाची चौकशी वर्गशिक्षक फोन करून करतात, आणि मग परदेशातली रिंग ऐकू येते. व्हिसासाठी शाळेचं पत्र हवं असेल तर त्यात प्रवासाच्या रजेचाच उल्लेख लागतो, त्यामुळे तेही मिळत नाही.

आणि हे सगळं निभावलं तरी मूल असतंच. एका दुसरीतल्या मुलाच्या घरच्यांनी कावीळ झाल्याचं कळवलं होतं. परतल्यावर पहिल्याच तासाला बाईंनी "आता बरं वाटतं का रे?" असं विचारलं, तर त्याने उभं राहून बर्फात घसरगुंडी कशी खेळतात ते हातवारे करून सांगितलं. बाई हसल्या. पण त्या घरातून आलेली पुढची प्रत्येक चिठ्ठी मग दोनदा वाचली गेली, अगदी खऱ्या तापाचीसुद्धा.

व्हिसासाठी शाळेचं पत्र खरंच लागतं का?

देशाप्रमाणे बदलतं. शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत नाव असल्याचा पुरावा आणि रजेचं पत्र बहुधा असतं. मूल परत येणार आहे हे पाहण्यासाठी ते मागतात. ज्या देशात जाणार त्याची यादी वाचून मगच शाळेकडे मागणी करा, नाहीतर बोनाफाईड मिळतं आणि रजेचा उल्लेखच राहून जातो.

हे पत्र शाळेच्या लेटरहेडवर हवं. त्यावर सही, शिक्का, तारीख आणि शाळेचा संपर्क क्रमांक असावा. मुलीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, आणि नेमकं इथेच अडतं. शाळेच्या पटावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. पटावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर ते वेगळ्याच रकान्यात. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमीजास्त. कार्यालय पटाप्रमाणेच लिहिणार, म्हणून अर्जाला पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा आणि पासपोर्ट क्रमांक पत्रात घालायची विनंती करा. क्रमांक असला की नावांच्या क्रमातला फरक फारसा खुपत नाही. पत्र हातात आल्यावर तिथेच उभं राहून तारखा तपासा. पत्रातली रजा 18 डिसेंबरला संपते आणि परतीचं तिकीट 26 चं आहे, असं व्हिसाच्या खिडकीवर लक्षात येणं फार वाईट.

ऑनलाइन वर्गाला बसेल असं लिहू का?

शाळा असे वर्ग घेते का ते विचारल्याशिवाय लिहू नका. आणि वेळेचा फरक मोजा. तिकडचं घड्याळ आठ तास मागे असेल तर इथल्या सकाळी आठच्या तासाला तिथे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. पहिल्या दिवशी हौसेने जागणारं मूल तिसऱ्या दिवशी उठत नाही, आणि दिलेला शब्द कागदावर राहतो.

पेलेल तेवढंच सांगावं. निघण्याआधी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांकडून त्या पाच आठवड्यांत कोणते धडे होणार ते लिहून घ्या. गणित आणि भाषा तेवढी बरोबर न्या, बाकीचं परतल्यावर. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरच्यांना आठवड्यातून एकदा वह्यांचे फोटो पाठवायला सांगा. रोज सांगितलंत तर दुसऱ्या आठवड्यात फोटो यायचे बंद होतात.

दोन मुलं एकाच शाळेत आहेत. एक अर्ज चालेल?

नाही, दोन द्या. हजेरीपत्रक तुकडीप्रमाणे वेगळं, परीक्षा वेगळ्या, फाइल वेगळी. एकाच अर्जातलं धाकट्याचं नाव थोरल्याच्या फाइलमध्ये पडून राहतं.

आईवडील दोघांच्याही सह्या हव्यात का?

साध्या रजेला एका पालकाची सही पुरते, पण परदेशवारीच्या अर्जावर दोघांची असलेली बरी. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर शाळा दुसऱ्याची संमती मागू शकते. पालक विभक्त असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत आधीच शाळेत द्या. अशा प्रकरणात मुख्याध्यापक सावध असतात, आणि त्यांनी असावंच.

अर्ज दिला, पण उत्तरच नाही. मंजूर समजायचं का?

समजू नका. शाळेच्या कार्यालयात मौन म्हणजे बहुतेक वेळा अर्ज कुठल्या तरी ढिगात आहे एवढंच. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोच घ्या. ई-मेलने पाठवला असेल तर वर्गशिक्षकांनाही प्रत जाऊ द्या. दहा दिवसांत काही कळलं नाही तर पोच घेऊन जा आणि "अर्ज कुठवर आलाय?" असं विचारा. "मंजूर झाला का?" असं विचारलं तर कारकून "बघतो" म्हणतो. कुठवर आलाय असं विचारलं की त्याला तो शोधावा लागतो.

नकार आला तर कारण विचारा. कारण चाचणीचं असेल तर तारखा बदला, हजेरीचं असेल तर दिवस कमी करा. अर्धी रजा मंजूर होणं हेही उत्तर असतं. नकार असताना निघून जाण्याचे परिणाम मात्र जागेप्रमाणे फार वेगळे आहेत. काही ठिकाणी समज देऊन सोडतात. इंग्लंडमध्ये शाळेच्या दिवसांत सहलीसाठी रजा सहसा मंजूरच होत नाही आणि परवानगीशिवाय नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. जर्मनीतही तसंच. अशा देशात मूल शिकत असेल तर वरच्या अर्जातली हजेरीची टक्केवारी कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही. आधी तिथला नियम वाचा.

फी आणि बसचे पैसे कमी होतात का?

फी नाही. बसचं विचारून बघा, पण जागा राखून ठेवलेली असते म्हणून तेही सहसा नाहीच. निघण्याआधी त्या काळातली फी भरून टाका. गैरहजेरी आणि थकलेली फी एकत्र दिसली की मूल शाळा सोडून गेलं असावं अशी शंका कार्यालयाला येते.

परतायला उशीर झाला तर?

रजा संपण्याआधी कळवा, संपल्यावर नाही. 18 डिसेंबरच्या आत तीन वाक्यांचा ई-मेल पुरतो: उशिराचं कारण, वाढीव दिवस, हजर होण्याची नवी तारीख. मंजूर रजेच्या पलीकडची, न कळवलेली गैरहजेरी सलग वाढत गेली तर काही शाळा मुलाचं नाव पटावरून कमी करतात, आणि मग पुन्हा प्रवेशाची प्रक्रिया करावी लागते. किती दिवसांनी असं होतं ते शाळेच्या नियमपुस्तिकेत असतं. ते पान निघण्याआधीच मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

परतल्यावर शाळेत काही द्यावं लागतं का?

मंजुरीच्या पत्राची एक प्रत पहिल्या दिवशी मुलीच्या दप्तरात ठेवा. मधल्या काळात वर्गशिक्षक बदललेले असू शकतात, आणि बदलीच्या बाईंच्या हजेरीपत्रकात ती पाच आठवडे विनाकारण गैरहजर असते. आमच्या उदाहरणातल्या मुलीचं असंच झालं होतं. पत्र दाखवल्यावर हजेरीपत्रकात प्रत्येक दिवसापुढे रजेची खूण झाली, चाचणी बुधवारी 23 तारखेला कार्यालयाशेजारच्या खोलीत घेतली, आणि गणिताचा पेपर तिने माझ्याच टेबलावर बसून सोडवला.